ढोबळ नफ्याची ओळ

कंपनीच्या तिमाही निकालाच्या मराठी पत्रकात 'नफा' हा शब्द एकटा दिसला की माझं डोकं फिरतं. नुसता नफा म्हणजे कुठला? ढोबळ, कार्यचालन, की निव्वळ? तिघांचे आकडे वेगळे. एक वाढत असताना दुसरा जागेवर राहू शकतो आणि तिसरा घसरू शकतो, आणि कंपन्यांना नेमकी हीच सोय आवडते. माझा नवरा म्हणतो, तू घरातसुद्धा विशेषण लावल्याशिवाय बोलत नाहीस. नाही बोलत. विशेषण गाळल्यावर माणसाचं काय होतं ते मी पाटोद्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाहिलंय, आणि तो माणूस माझा सख्खा भाऊ होता.

मी बीडला बसस्थानकामागे एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसून अनुवाद करते. खालून सतत कोचिंग क्लासच्या पोरांच्या मोटारसायकली ओरडत असतात. पुण्याची एक प्रसिद्धी संस्था मला शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांची पत्रकं पाठवते. संचालक मंडळाने निकाल मंजूर केले, बाजाराला कळवले, की मगच पत्रक बाहेर पडतं. तोवर तोंड शिवून बसायचं आणि दिलेल्या वेळात मराठी करून द्यायचं. काम रुक्ष आहे असं लोक म्हणतात. मला ते आवडतं, कारण त्यात चूक ही चूकच असते आणि बरोबर ते बरोबर.

या पत्रकांत एक दूध कंपनी होती. तिचं शीतकरण केंद्र पाटोद्याला, आणि तिथे दूध घालणाऱ्यांत आमचं गावही होतं. दादा तिथल्या दूध उत्पादकांच्या गटाचा अध्यक्ष. म्हणजे रस्त्यात कुणी 'अध्यक्ष' अशी हाक मारली की तो ती आपल्यासाठीच आहे असं धरून वळतो. माझ्या कामाला तो 'कागदं काळी करणं' म्हणायचा. मीही त्याला सोडत नसे. भाऊबीजेला ओवाळताना विचारायचे, "अध्यक्षांना टोपी आणलीय का, की मोकळ्या डोक्यानंच ओवाळू?" आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचे तर चावायचे.

दिवाळीनंतर कंपनीने खरेदीचा दर लिटरमागे दोन रुपयांनी पाडला. थंडीत दूध वाढतं, दर उतरतो, हे दरवर्षीचंच. पण या वेळी ढेप महागली, कडबा महागला आणि दर उतरला तो वर यायचं नावच घेईना. ज्याच्या दारात चार म्हशी त्याचं दोन रुपयांनी काय होतं ते मी सांगायला नको. महिन्याचा किराणा त्या दोन रुपयांवर चालतो. दादाने पारावर छातीवर हात मारून सांगितलं, "हे दोन रुपये परत न्हाई आणले तर मला अध्यक्ष म्हणू नगा." ते रुपये परत येतात की नाही, एवढ्यावर मग सगळं गाव डोळे लावून बसलं.

आणि फेब्रुवारीत त्याच कंपनीचं पत्रक माझ्याकडे आलं.

इंग्रजी मथळ्यात ढोबळ नफा चांगलाच वाढल्याचं म्हटलं होतं. खाली, दुसऱ्या परिच्छेदात, कार्यचालन नफा जवळपास गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीइतका. तिसऱ्यात, जिथवर वाचायची कुणाला हौस नसते तिथे, निव्वळ नफा घटल्याचं. मला हसू आलं. उभ्या निकालाची कुंडली त्या तीन ओळींत होती. विक्रीतून दूध आणि इतर कच्च्या मालाचा खर्च काढला की उरतो तो ढोबळ नफा. तो वाढला कशामुळे, हेही पत्रकातच लिहिलं होतं: दूध खरेदीचे दर अनुकूल राहिल्यामुळे. त्यातून पगार, वाहतूक, जाहिराती गेल्या की कार्यचालन नफा. जाहिरातींवर उधळपट्टी झाली होती म्हणून तो हललाच नाही. मग नव्या प्रकल्पाच्या कर्जाचं व्याज, यंत्रांच्या झिजेचा घसारा आणि कर गेला की हातात उरतो तो निव्वळ. तो आटला होता.

'अनुकूल' हा शब्द लिहिताना मी थांबले. कुणाला अनुकूल? पण मूळ इंग्रजीतही तो तसाच साळसूद शब्द होता, आणि मूळ साळसूद असेल तर मराठीही साळसूदच हवी. माझा राग पत्रकात घालायला मला कुणी पैसे देत नाही.

पुण्याहून समन्वयक मुलीचा फोन आला. मधाचं बोट लावल्यासारखा आवाज. "मॅडम, मथळ्यात नुसतं 'नफ्यात वाढ' चालेल ना? ढोबळ म्हटलं की लोकांना अंदाजे वाटतं."

"म्हणून तर खाली ढोबळचा अर्थ सांगणारी तळटीप आहे. मूळ पत्रकातही आहे."

"मग 'एकूण नफा' करू या?"

"एकूण म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळं मिळून एवढं हातात आलं. हातात आला तो निव्वळ, आणि तो घटलाय. मथळ्यात ढोबळच राहील."

राहिला. मथळ्यात, मजकुरात, तक्त्यात, प्रत्येक नफ्याच्या मागे त्याचं विशेषण मी स्वतः तपासून लावलं. कार्यचालन नफ्यापुढे कंपनीचीच व्याख्या दिली, की हा आकडा व्याज, घसारा आणि कर धरण्याआधीचा आहे आणि त्यात इतर उत्पन्न नाही. त्या पत्रकाला बोट ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या एका दैनिकात दोन कॉलमी मथळा: 'दूध कंपनीच्या नफ्यात घसघशीत वाढ'. ढोबळ उडाला. मी उपसंपादकाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, बसत नव्हता हो." घसघशीत मात्र बसला. बातमीही पहिल्या परिच्छेदापाशीच छाटलेली. निव्वळ नफा कापलेल्या कागदासोबत गेला.

सकाळीच दादाचा फोन. इतका आनंदी आवाज मी त्याच्या लग्नातही ऐकला नव्हता.

"वाचलं का? नफा घसघशीत वाढलाय! अन् आमच्या दुधाला दोन रुपये द्यायला त्यांच्या पोटात दुखतंय. उद्या सायेब येणार हायेत शेडात. आता बघतो कावून देत न्हाईत ते."

"दादा, ते पत्रक मीच केलंय. वाढला तो ढोबळ नफा. निव्वळ घटलाय. ते कात्रण घेऊन उभा राहू नकोस, तो माणूस तुला..."

"नफा म्हंजे नफा. छापून आलंय."

"अरे, तुझी बाजू बरोबरच आहे, पण ती वेगळ्या ओळीत आहे. मी समजावून सांगते."

"तू मला समजावणार? लेकरं हाईत का आमी? तू ये उद्या, नुस्तं बसून राहा. लोकांना दिसू दे, आमची बहीण बीडला हीच कामं करती."

मी गेले. शोभेला बोलावलं होतं, शोभेची होऊन मागच्या खुर्चीत बसले.

पाटोद्याच्या केंद्राच्या शेडमध्ये माणसं दाटीने बसली होती. मागे दुधाच्या कॅनांचा वास. कंपनीचा विभागीय व्यवस्थापक आपल्याच जिल्ह्यातला होता, गुळगुळीत दाढीचा, प्रत्येकाच्या म्हशीची चौकशी करणारा. अशा माणसाला मी फार भिते. दादा उठला, कात्रण उंच धरलं आणि बोलला. बरं बोलला, खरं सांगते. ढेपेचा भाव, कडब्याचा भाव, डॉक्टरची फी. शेवटी म्हणाला, "तुमचा नफा घसघशीत वाढला, हे आमी न्हाई, पेपर म्हणतोय. आमचे दोन रुपये टाका इथं."

टाळ्या पडल्या. व्यवस्थापकानेही वाजवल्या. मग त्याने बॅगेतून माझं पत्रक काढलं.

"अध्यक्ष, पेपरवाले घाईत असतात. हे कंपनीचं मूळ पत्रक. मराठीतच आहे. जरा तिसरा परिच्छेद वाचून दाखवता का सगळ्यांना?"

दादाने कागद घेतला.

"मोठ्यानं, अध्यक्ष. मागं ऐकू जात नाही."

"निव्वळ नफा..." दादा वाचू लागला आणि थांबला.

"वाचा, वाचा. आपल्याच भाषेत आहे."

"निव्वळ नफा गतवर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत... घटला."

"शेवटचा शब्द काय म्हणालात?"

"घटला."

"घटला म्हणजे वाढला का हो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा हसला. थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवणारी तीच माणसं, तेच हात आता मांडीवर आपटत होते. दादाचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता. त्याच्या हातात माझंच वाक्य होतं, मीच तोलून मापून बांधलेलं, आणि तो माणूस त्याच वाक्याने त्याला फटके मारत होता. मला त्या क्षणी व्यवस्थापकाचा राग आला, हसणाऱ्यांचा आला आणि सगळ्यांत जास्त दादाचा आला. सांगितलं होतं की रे बाबा तुला.

दादा वळला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे तिनं लिवलंय. तिला इचारा."

व्यवस्थापकाचा चेहरा खुलला. "अरे वा! ताई, मग तुम्हीच सांगा. निव्वळ नफा घटला की नाही?"

"घटला," मी म्हणाले.

पुन्हा हशा. व्यवस्थापक पत्रक परत घ्यायला हात पुढे करतो तोच मी उठले. "आता पहिला परिच्छेदही वाचा. तोही आपल्याच भाषेत आहे. साहेबांनी वाचला तर उत्तम."

त्याने वाचला नाही. म्हणून मी पाठ म्हणून दाखवला, आणि सांगितलं. हा ढोबळ नफा. विक्रीतून फक्त दूध आणि कच्चा माल वजा केलेला. तुमच्या दुधाचा दर या ओळीत बसतो, खालच्या ओळीत नाही. आणि ही ओळ वाढलीय. कशामुळे वाढली तेही कंपनीनेच लिहिलंय: खरेदीचे दर अनुकूल राहिल्यामुळे. म्हणजे तुमचे दोन रुपये. मधली कार्यचालनाची ओळ जाहिरातींनी खाल्ली. निव्वळ नफा घटला तो त्याच्याही खाली, व्याजामुळे आणि घसाऱ्यामुळे. ते कर्ज तुम्ही काढलेलं नाही आणि ती यंत्रंही तुम्ही घेतलेली नाहीत.

मागून एक दणकट आवाज आला, "म्हंजे कमावलं आमच्या दुधात, अन् घालवलं टीव्हीवरच्या जाहिरातीत, व्हय सायेब?"

आता हशा व्यवस्थापकावर होता, आणि तोही तितकाच निर्दय. तो हसला, घाम पुसला. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही कंपनीचंच काम करता ना?"

"कंपनीचंच पत्रक वाचलं. बाजारालाही कळवलेलं आहे."

पंधरवड्याने दर एक रुपयाने वाढला. दोनातला एक. गावात दादाचा नाही, माझा बोलबाला झाला. लोक त्याला पारावर म्हणायचे, "अध्यक्ष, दुसरा रुपया कधी आणती बहीण?" हे आपल्याकडे प्रेमाने म्हणतात आणि माणूस आतून सोलून निघतो. दादाने मला घरी कधी थँक्यू म्हटलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतही नाही. एकदा जेवताना म्हणाला, "पुढच्या टायमाला तू येऊ नको. बाईच्या मागं उभा राहतो म्हणत्यात मला. आता मला कळतंय सगळं. ढोबळ, कार्यचालन, निव्वळ. पाठ हाय."

"दर वेळी पत्रकात ढोबळ असेलच असं नाही," मी म्हणाले. "बाजाराला जो निकालाचा तक्ता जातो त्यात ढोबळ नफ्याची ओळच नसते. विक्रीचं उत्पन्न घ्यायचं, त्यातून मालाचा खर्च काढायचा, साठ्यातला फरक धरायचा, मग तो निघतो. मी काढून देईन."

"मला शिकवू नको," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

मे महिन्यात पुढचं पत्रक आलं. उन्हाळा, दूध आटलेलं, दर एव्हाना वर जायला हवा होता. इंग्रजीत पुन्हा पहिल्याच ओळीत ढोबळ नफा वाढलेला. सोबत सूचना: मराठी पत्रक संक्षिप्त हवं, ढोबळ नफ्याचा परिच्छेद आणि तळटीप वगळावी, कार्यचालन आणि निव्वळ तेवढे ठेवावेत. मी फोन केला.

"पहिली ओळ काढायची? मथळा तोच आहे."

"मॅडम, क्लायंटची इच्छा. प्रादेशिक पत्रक छोटंच असतं."

"मग खाली 'अनुवाद' म्हणू नका. संक्षिप्त पत्रक म्हणा, आणि पूर्ण इंग्रजी कुठे मिळेल ते लिहा."

मधाचा आवाज थोडा घट्ट झाला. "बघते." तासाभरात मेल आली: या पत्रकाचं काम दुसरीकडे दिलं आहे, आणि यापुढे या क्लायंटची पत्रकं तुम्हाला येणार नाहीत. माझ्या महिन्याच्या कामातला चांगला तुकडा त्या दोन ओळींत गेला.

पत्रक बाहेर पडल्यावर मी ते मुद्दाम वाचलं. लाल पेन घेऊन बसले होते. कार्यचालन नफा, व्याख्येसकट. निव्वळ नफा, घट, कारणं. प्रत्येक नफ्याला विशेषण. ज्याने केलं त्याने उत्तम केलं होतं. एक चूक सापडली नाही, आणि त्याचाच मला संताप आला. मी इंग्रजी पत्रकातला ढोबळ नफा बाजाराला गेलेल्या तक्त्यावरून ताडून पाहिला, कागदावर सोप्या मराठीत लिहिला आणि दादाला फोन लावला. त्याने उचलला नाही. वहिनीकडे निरोप दिला: ती ओळ या वेळी पत्रकात नाही, मला विचारल्याशिवाय साहेबांच्या सभेत उठू नको म्हणावं. वहिनीने सांगितलं असणार. तो ऐकणार नव्हता हेही तिला ठाऊक असणार.

सभेत काय झालं ते वहिनीनेच नंतर फोनवर सांगितलं, दबक्या आवाजात. दादा नवा सदरा घालून गेला होता. उभं राहून म्हणाला, "सायेब, निव्वळ दाखवू नका. ढोबळ नफा दाखवा. आमचं दूध त्या ओळीत बसतं." शब्द चोख होते. व्यवस्थापकाने नुसतं पत्रक पुढे केलं.

"शोधा, अध्यक्ष."

दादा शोधत बसला. पहिला परिच्छेद, दुसरा, मागची बाजू. बोट लावून ओळ ओळ. व्यवस्थापक चहा पीत होता, त्याला घाई नव्हती. लोक आधी थांबले, मग कुजबुजले, मग कुणीतरी म्हणालं, "बहिणीला बोलवा की." शेवटी व्यवस्थापकच उठला, दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नसलेला नफा कुठून दाखवू?" दर वाढला नाही. उलट फेब्रुवारीत दिलेला रुपया 'पुढील सूचनेपर्यंत' काढून घेतला.

मी त्याच रविवारी गावी गेले. दादा ओसरीवर बसला होता. वर पाहिलं नाही.

"किती दिलं कंपनीनं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"ती ओळ काढायचं. पत्रकं तूच लिवतीस ना? मागच्या टायमाला व्हती, या टायमाला न्हाई. आपोआप गेली का? समदं गाव म्हणतंय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी मोबाइल काढला, ती मेल उघडली, त्याच्यासमोर धरली. "हे बघ. मला काढून टाकलंय त्या कामावरून. ती ओळ काढायला मी हरकत घेतली म्हणून. नीट वाच."

"इंग्रजीत हाय."

"मी सांगते ना काय लिहिलंय."

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "तूच लिवणार, तूच वाचणार, अन् त्यात काय हाय तेबी तूच सांगणार. मग आमी खरं कशावरून धरायचं?"

"मास्तरांकडे जा. हायस्कूलच्या. त्यांच्याकडून वाचून घे."

"अन् पुन्यांदा चार लोकांसमोर कागद हातात घेऊन हुबा राहू?" त्याचा आवाज एकदम चिरकला. "दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा तुझ्यासाठी? न्हाई."

मी मोबाइल मागे घेतला. जन्मभर ज्या कामात मी एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्या कामातलं एक साधं वाक्य माझा भाऊ माझ्या तोंडून खरं मानायला तयार नव्हता. रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायची नाही एवढा माज माझ्यातही आहे.

दादाने आत हाक मारली, "अगं, पाहुणीला च्या दे. चारची बीड गाडी हाय तिची."